बार जिथे बसतो, तिथे आधी पाहा

विरार लोकलने नोकरीची तीसेक वर्षे ये-जा केलेल्या माणसाला तंबाखूवर व्याख्यान देण्याचा अधिकार नसला, तरी तंबाखू खाणाऱ्यांचे निरीक्षण करण्याची संधी मात्र भरपूर मिळते. डब्यात बोट शिरायला जागा नसते, पण तंबाखू मळायची वेळ झाली की गृहस्थ वरची कडी सोडून देतो आणि दोन पायांवर तोल सावरत डाव्या तळहातावर तंबाखू घेतो. तिच्यावर नखाएवढा चुना टाकून तो उजव्या अंगठ्याने मळतो, दोन थापट्या मारतो, शेजाऱ्याला एक शिंक देतो आणि चिमूट तोंडात सोडतो. मग वसईपासून अंधेरीपर्यंत त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. बँकेत आमचे एक कॅशियर होते, ते बार भरल्यावर 'हो'ला एक आणि 'नाही'ला दोन हुंकार देत. ग्राहकांनाही त्याची सवय झाली होती.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लोकलमध्ये जशी ज्याची त्याची खिडकी ठरलेली, तशी तोंडात बाराचीही जागा ठरलेली असते. कुणाचा बार खालच्या ओठाच्या आत बसतो, कुणाचा डाव्या गालफडात, खालच्या दाढांच्या बाहेरच्या खाचेत. माणूस नोकरी बदलतो, घर बदलतो, पण ही जागा बदलत नाही. आणि तोंडाचा कर्करोग पुष्कळदा याच जागी सुरू होतो. पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तकांत तोंडाचा कर्करोग म्हटले की जीभ आधी येते. आपल्याकडे गाल, हिरडी आणि त्या दोहोंमधली खाच या जागा आघाडीवर आहेत, कारण आपण तंबाखू तिथे ठेवतो.

यामागचे कारण समजून घेणे अवघड नाही. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन लवकर मोकळे होते आणि 'किक' चांगली बसते, म्हणून तर चुना लावायचा. पण तोच चुना तोंडाच्या नाजूक अस्तराला भाजतो आणि तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्ये त्याच अस्तरावर अर्धा-अर्धा तास बसून राहतात. दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षे हे चालले की ते अस्तर स्वतःला वाचवायला जाड होते, जशी कुदळ धरणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात. तोंडातले ओले घट्टे पांढरे दिसतात. पांढऱ्या चट्ट्याची सुरुवात ही अशी होते. ज्या घरांत बायका मशेरी लावतात, तिथे हीच गोष्ट हिरड्यांवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला घडते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिला दात घासायची पूड म्हटल्याने तिचा गुण बदलत नाही.

हे चट्टे आपल्या महाराष्ट्रातच फार मोठ्या प्रमाणावर पाहिले गेले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांनी दंतसंशोधनाचा विभाग चालवला होता. त्यांनी, डॉ. प्रकाश गुप्ता यांनी आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली आणि १९७२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. आजही डेंटिस्ट जेव्हा म्हणतो, 'हा चट्टा साधा आहे, हा मात्र मला आवडत नाही,' तेव्हा त्याच्या बोलण्यामागे अशा कामांतून जमलेले शहाणपण असते.

आता पुडीवरच्या चित्राविषयी. तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या गालाचे भयंकर चित्र असते. हेतू चांगला आहे, पण त्याचा एक विचित्र परिणाम मी पाहिला आहे. चित्र शेवटाचे आहे. खाणारा आरशात पाहतो, त्याला तसे काही दिसत नाही, आणि तो निर्धास्त होतो. सुरुवात कशी दिसते, हे त्याला कुणी दाखवलेलेच नसते. सुरुवात दिसायला किरकोळ असते आणि मुख्य म्हणजे दुखत नाही. दात ठणकला तर माणूस रात्री बाराला डॉक्टरचे दार ठोठावतो. न दुखणाऱ्या चट्ट्यासाठी मात्र तो चार-चार महिने काढतो.

म्हणून सुरुवात कशी दिसते, ते सांगतो. साधा पांढरा चट्टा सपाट असतो, पातळ चुना फासल्यासारखा किंवा वाळक्या मातीसारखा बारीक भेगांचा. स्वच्छ ओल्या कापडाने पुसला तर तो निघत नाही. पुसून निघाला आणि खाली लालसर जागा दिसली, तर ती बहुधा बुरशी असते. तिच्यासाठीही डॉक्टरकडे जायचेच, पण ती गोष्ट वेगळी. अशा साध्या पांढऱ्या चट्ट्यांपैकी बहुतेकांचा कर्करोग होत नाही. शंभर जणांतल्या एखाद-दोघांचा वर्षाकाठी होतो, असा साधारण अंदाज आहे. पण तो एखादा कोणता, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

पांढऱ्या चट्ट्यात लाल ठिपके मिसळले, तो खरबरीत झाला, त्यावर दाणे उठले किंवा मध्येच जागा सोलल्यासारखी झाली, तर धोका वाढतो. आणि नुसता लाल चट्टा, मखमलीसारखा, कडा स्पष्ट असलेला, हा सर्वांत वाईट. तो क्वचित दिसतो, पांढऱ्यासारखा डोळ्यांत भरत नाही, 'जरा तोंड आले आहे' म्हणून सोडून दिला जातो. १९७५ साली अमेरिकेतल्या दोन तज्ज्ञांनी अशा लाल चट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा निम्म्यांत कर्करोग आधीच होता आणि उरलेल्यांपैकी बहुतेक त्याच्या उंबरठ्यावर होते. आपल्या मनात मात्र उलटे बसलेले असते. पांढरे दिसले की माणूस घाबरतो आणि लाल दिसले की 'उष्णता' म्हणून गुलकंद खातो.

गुटखा, मावा किंवा सुपारी खाणाऱ्यांसाठी आणखी एक खूण आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. पण ज्यांनी आधी वर्षानुवर्षे तो खाल्ला, त्यांच्या गालात सुपारीने केलेला बदल बंदीमुळे पुसला गेला नाही. तिखट लागताच आग होते, गाल आतून फिकट आणि ताठ होतात, तोंड हळूहळू कमी उघडते. याची परीक्षा सोपी आहे. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालावीत. स्वतःची तीन बोटे मावली पाहिजेत. दोनच मावत असतील, किंवा पूर्वी तीन मावत आणि आता अडकतात, तर डेंटिस्टकडे जावे, मग आत चट्टा दिसो वा न दिसो.

तपासणीला पाच मिनिटे लागतात. महिन्याचा पहिला रविवार ठरवून टाकावा. चूळ भरून तोंड स्वच्छ करावे, कवळी असेल तर काढावी, हात धुवावेत. खिडकीसमोर आरसा धरावा किंवा मोबाइलची बॅटरी लावावी. न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्यात पांढरे आणि लाल नीट कळत नाही. सुरुवात बाराच्या जागेपासून करावी. खालचा ओठ पुढे ओढून आतली बाजू, मग बोटाने गाल बाहेर ताणून हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच अगदी शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंत पाहावी. दुसऱ्या बाजूला तेच करावे आणि दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात. एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, ते संशयास्पद.

त्यानंतर जीभ. ती बाहेर काढून टोक रुमालात धरावे, उजवीकडे-डावीकडे ओढून कडा पाहाव्यात. मग जीभ टाळूला लावून तिच्या खालची जागा पाहावी. डोके मागे टाकून टाळू आणि 'आ' म्हणून घसा पाहावा. डोळ्यांनी पाहून झाल्यावर बोट फिरवावे, कारण जाडपणा आणि कडकपणा बोटाला आधी कळतो. शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना चाचपून एखादी न दुखणारी गाठ लागते का ते बघावे. काही दिसले तर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढच्या वेळी 'वाढला की नाही' हा वाद आठवणीशी घालावा लागत नाही.

पहिल्यांदा पाहणारा थोडा घाबरतो, म्हणून काय सोडून द्यायचे तेही सांगायला हवे. जिभेच्या मुळाशी ओळीने बसलेले मोठे दाणे प्रत्येकाला असतात. गालावर वरचे-खालचे दात जिथे मिळतात, त्या रेषेत दोन्ही बाजूंना पांढरी आडवी रेघ असू शकते. ओठांच्या आत मोहरीहून बारीक पिवळसर ठिपके असतात. हे सारे निसर्गाचे देणे. भयंकर झोंबणारी, आठ-दहा दिवसांत भरून येणारी बारीक फोडे म्हणजे नेहमीचे तोंड येणे. उलट दात विनाकारण हलू लागणे, काढलेल्या दाढेची जखम न भरणे, खालच्या ओठाला बधिरपणा येणे ही लक्षणे चट्टा दिसत नसला तरी गंभीर आहेत.

आमच्या शेजारच्या भाऊंचे उदाहरण इथे सांगतो. त्यांनीच 'लिहा' म्हटले आहे. भाऊ कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, तीस वर्षे डाव्या गालफडात बार. एके दिवशी वहिनींच्या लक्षात आले, की हा माणूस जेवताना ठेचा बाजूला सारतो. विचारल्यावर कळले, की डावीकडे झोंबते म्हणून त्यांनी महिन्याभरापूर्वी बार उजवीकडे हलवला होता. तीस वर्षांची खिडकीची जागा बदलली होती आणि त्यांना त्यात काही विशेष वाटले नव्हते. वहिनींनी टॉर्च लावून पाहिले. नखाएवढा पांढरा चट्टा आणि त्यात लाल ठिपके.

स्टेशनजवळच्या डेंटिस्टने पाहिले. चट्ट्यासमोरच्या दाढेची कड धारदार होती. ती त्याने घासून गुळगुळीत केली, तंबाखू पूर्ण बंद करायला सांगितली आणि चौदा दिवसांनंतरची तारीख कागदावर लिहून दिली. कारण दाताच्या धारेने झालेली जखम धार गेली की दोन आठवड्यांत भरते. भरली नाही, तर तिचे कारण दुसरे. दोन आठवड्यांच्या मुदतीमागचे सारे गणित एवढेच आहे.

खरी अडचण त्यानंतर आली. दाढ घासल्यावर चार दिवसांत भाऊंचे झोंबणे थांबले. "आता कशाला जायचं? बरं वाटतंय," ते म्हणाले. वहिनींनी पुन्हा टॉर्च लावला. दुखणे गेले होते, चट्टा होता तसाच होता. "तुमचं बरं वाटणं डॉक्टरला दाखवून या," त्या म्हणाल्या आणि चौदाव्या दिवशी स्वतः रिक्षात बसल्या.

डेंटिस्टने त्यांना मुंबईला तुकडा तपासायला, म्हणजे बायोप्सीला पाठवले. भाऊंच्या मनात सर्वांच्या मनात असते तीच भीती होती, की सुरी लागली की रोग पसरतो. तिथल्या डॉक्टरांनी समजावले, की तसे होत नाही. तुकडा न काढता थांबण्यात धोका आहे. गालात बधिर करणारे इंजेक्शन दिले, चट्ट्याच्या सर्वांत संशयास्पद, लालसर भागातून तूरडाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतला, एक टाका घातला. त्याच दुपारी भाऊ दूधभात जेवले. आठ दिवसांनी अहवाल आला. त्यात 'मध्यम डिस्प्लेसिया' असे लिहिले होते. म्हणजे पेशींची ठेवण बिघडली आहे, पण त्यांनी अस्तराची मर्यादा ओलांडलेली नाही. कर्करोग झालेला नाही, होऊ शकतो. सगळा चट्टा काढून टाकला, तोही तपासला. त्यात अधिक वाईट काही निघाले नाही. दोन आठवड्यांत गाल भरला.

इथे गोष्ट संपत नाही, आणि हे भाऊंनाही पटायला वेळ लागला. चट्टा काढला म्हणून गालाचा बाकीचा भाग नवा झालेला नसतो. त्यावरही तीस वर्षे तोच मारा झालेला आहे. म्हणून ते आज चौथ्या वर्षीही दर काही महिन्यांनी तोंड दाखवायला जातात. तंबाखू सोडली, तीही सुखासुखी नाही. पहिले दोन आठवडे घरात कुणाशी धड बोलत नव्हते. पण तंबाखू सोडल्यावर नवे चट्टे उठण्याचे प्रमाण घटते आणि पुष्कळांचे पांढरे चट्टे काही आठवड्यांत फिके पडतात, हे या अभ्यासांतून दिसलेले आहे. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत दूरध्वनी आहे.

अहवालात 'डिस्प्लेसिया नाही' असे आले तरी कागद फाइलला लावून विसरू नये. तुकडा एका जागेचा असतो. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा दाखवावे. आणि चट्ट्यावर स्वतःच्या मनाने औषधाच्या दुकानातले जेल चोळणे, हळद-तूप लावत महिना घालवणे किंवा बार दुसऱ्या गालात हलवणे, हे तिन्ही उपाय चट्ट्याला मुदतवाढ देतात.

डेंटिस्टकडेच का, असा प्रश्न मला कुणीतरी विचारला होता. कारण तोंडाच्या आतली प्रत्येक खाच रोज पाहणारा तोच एक डॉक्टर आहे, आणि वसई-विरारमध्ये तो जवळपास प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बसलेला आहे. त्याला मात्र आपण दाढ दाखवायला जातो आणि दाढ दाखवून परत येतो. 'मी तंबाखू खातो, सगळे तोंड बघा,' हे वाक्य आपण बोलावे लागते. चट्ट्यात लाल रंग असेल, कडकपणा असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर चौदा दिवस थांबू नये, त्याच आठवड्यात जावे. पुढची तपासणी लागली तर विरारहून थेट गाडी आहे. मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शासकीय दंत महाविद्यालय, आणि रोग निघालाच तर परळचे टाटा रुग्णालय.

पाहण्याने जीव वाचतो का, याचेही उत्तर आपल्याच देशात शोधले गेले आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या पदवीधर कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन हजारो लोकांची तोंडे उजेडात नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ साली निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना यांपैकी कसलेच व्यसन नव्हते, त्यांच्यात असा फायदा दिसला नाही. म्हणजे ही पाच मिनिटे नेमकी खाणाऱ्यानेच द्यायची आहेत.

त्या पाहणीतला आणखी एक आकडा बँकेत वसुली केलेल्या माझ्यासारख्याच्या मनात रुतून बसला. ज्यांना 'तुमच्या तोंडात काहीतरी आहे, डॉक्टरकडे जा' असे सांगितले, त्यांच्यापैकी शंभरातले जवळजवळ चाळीस जण गेलेच नाहीत. चट्टा सापडला होता, सांगितला गेला होता, तरी गेले नाहीत. बँकेत थकलेले कर्ज सापडत नाही असे कधी होत नसे. ते वहीत दिसत असे, फक्त 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून पान उलटले जाई.

म्हणून घरातल्यांना एक काम सांगतो. आज रविवार आहे आणि उजेडही चांगला आहे. जो खातो, त्याला खिडकीशी बसवा, बार कुठे बसतो ते विचारा आणि तिथे आधी पाहा. लाल काही दिसले, तर याच आठवड्याची वेळ घ्या. नुसता पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात आजपासून चौदाव्या दिवसाभोवती गोल काढा आणि शेजारी डेंटिस्टची वेळ लिहा. मधल्या काळात दुखायचे थांबले, तरी तो गोल खोडू नका.